छपरापासून गादीपर्यंत: वादळानंतर हॉटेलमालकाने विम्याचं दावापत्र कसं लिहावं

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आमचं लॉजिंग श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. खालच्या चार खोल्यांवर स्लॅब, वरच्या चार खोल्या लोखंडी अँगल आणि पत्र्याच्या छपराखाली. त्या दोन तासांत वरच्या तीन खोल्यांवरचं छप्पर गेलं आणि पाऊस थेट गाद्यांवर पडला. पुढच्या दोन आठवड्यांत मी आयुष्यातलं पहिलं दावापत्र लिहिलं. त्यानंतर, २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते धरून, ओळखीच्या बऱ्याच हॉटेलवाल्यांना अशी पत्रं लिहायला मदत केली. कोणाची पत्रं चालली आणि कोणाची अडली, ते जवळून पाहिलं आहे.

बहुतेक पत्रं एकाच जागी अडतात. मालक लिहितो, "वादळामुळे हॉटेलचे अतोनात नुकसान झाले, तरी लवकरात लवकर भरपाई मिळावी." सोबत पन्नास फोटो आणि गवंड्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला आकडा. त्यातलं काहीच खोटं नसतं. पण कुठला फोटो कुठल्या खोलीचा, त्या खोलीतलं काय गेलं, त्याची किंमत अंदाजपत्रकात कुठल्या ओळीत आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. वाचणारा म्हणजे विमा कंपनीने नुकसान पाहायला पाठवलेला सर्व्हेअर, आणि तुमची रक्कम त्याच्या अहवालावर ठरते. म्हणून वारा, छपराचा भाग, खोली, वस्तू, फोटो, अंदाजपत्रकातली ओळ ही साखळी कुठेही न तुटता कागदावर उतरवायची. पत्राचं काम एवढंच आहे.

आधी पॉलिसीचा कागद काढा

आमची पॉलिसी जुन्या पद्धतीची होती, 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स'. नावात फायर असलं तरी वादळ, चक्रीवादळ, पूर यांचं संरक्षण त्यात असतं. पॉलिसी काढताना हे कलम वगळलं असेल तर मात्र नसतं, म्हणून तपासून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी नवी पॉलिसी आली. एका जागेवरच्या विमायोग्य मालमत्तेची किंमत पाच कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. कोकणातली बहुतेक लॉजिंगं पहिल्या गटात बसतात.

शेड्यूल नावाचं जे पान असतं त्यावर तीन गोष्टी बघा. इमारतीची विमा रक्कम आणि फर्निचरची विमा रक्कम वेगळ्या लिहिल्यात का? तुमच्या वाट्याचा खर्च, म्हणजे एक्सेस, किती? आणि बँकेचं नाव आहे का? कर्ज असेल तर बँकेचं नाव असतं आणि भरपाई बँकेच्या संमतीने मिळते, त्यामुळे वादळाची खबर बँकेलाही त्याच दिवशी द्यावी.

आणखी एक अट सहसा कोणी वाचत नाही. जुन्या पॉलिसीत इमारत सलग तीस दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबतं, आधी कंपनीची मंजुरी घेतली असेल तरच चालू राहतं. २०२०च्या जूनमध्ये हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर होता, कारण टाळेबंदीमुळे मार्चअखेरीपासून एकही पाहुणा आलेला नव्हता. आम्ही स्वतः खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला राहतो, म्हणून इमारत रिकामी नव्हती. ते मी पत्रात स्पष्ट लिहिलं आणि पुरावा म्हणून एप्रिल-मेची वीजबिलं जोडली. तुमचं हॉटेल पावसाळ्यात बंद राहत असेल तर राखणदार कोण, तो कुठे राहतो, हे पत्रात एका ओळीत आलंच पाहिजे.

खबर आणि दावापत्र वेगवेगळे

नवीन माणसाची इथे गल्लत होते. पहिली असते खबर. "आज अमुक वाजता वादळाने छप्पर उडालं, अंदाजे इतकं नुकसान, सर्व्हेअर पाठवा," एवढ्या चार ओळी फोनने, ईमेलने किंवा एसएमएसने लगेच द्यायच्या. आकडा चुकला तरी हरकत नाही, फक्त 'अंदाजे' लिहायला विसरू नका. निसर्गच्या वेळी आमच्याकडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. ५ जूनला चढावर जाऊन रेंज मिळाली तेव्हा एजंटला एसएमएस केला आणि ७ तारखेला माणगावला जाऊन शाखेला ईमेल पाठवला. उशीर का झाला ते त्याच ईमेलमध्ये लिहिलं. खबर दिली की दावा क्रमांक मिळतो. पुढच्या प्रत्येक कागदावर तो क्रमांक घालायचा.

दुसरं तपशीलवार दावापत्र. त्याला जुन्या पॉलिसीत नुकसानीपासून पंधरा दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात जमत नसेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढवून मागा. त्याच कलमात पत्र कसं हवं तेही लिहिलेलं आहे: नुकसान झालेल्या वस्तूंचा शक्य तितका तपशील, प्रत्येकाची नुकसानीच्या वेळची किंमत, आणि त्यात कुठल्याही प्रकारचा नफा धरायचा नाही. म्हणजे रद्द झालेली बुकिंगं, बुडालेला हंगाम या पत्रात मागता येत नाही. त्यासाठी वेगळा विमा असतो. माझ्या ओळखीच्या एकाने बुडालेल्या बुकिंगचे दीड लाख दाव्यात घातले होते. ते कापलं गेलंच, पण बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं गेलं.

फोटो: काढण्याआधी काही हलवू नका

वादळ ओसरल्यावर पहिली इच्छा झाडू हातात घेण्याची होते. तिला दोन तास थांबवा. सगळं जसं पडलंय तसं टिपायचं, मगच आवरायचं.

मी १४६ फोटो काढले आणि ४१ पाठवले. क्रम असा ठेवला की आधी रस्त्यावरून संपूर्ण इमारत, मग छपराची मोडलेली बाजू, मग उडालेले पत्रे जिथे पडले ती जागा, मग एकेक खोली. प्रत्येक खोलीत दारातून सगळी खोली, मग खोलीच्या मध्यावरून वर पाहून फुटलेलं सीलिंग आणि त्यातून दिसणारं आभाळ, मग एकेक वस्तू. टीव्हीच्या आणि एसीच्या मागे नंबराची पट्टी असते, तिचा वेगळा फोटो घ्या. गादीवर टेप धरून फोटो काढला तर आकाराबद्दल वाद राहत नाही.

यातला सगळ्यात कामाचा फोटो कुठला ठरला, ते मला सर्व्हेअर आल्यावर कळलं. आल्या आल्या त्यांनी उडालेला एक पत्रा उचलला आणि बोल्टच्या भोकाकडे बोट दाखवलं.

"हे बघा, भोक लांबट झालंय आणि कडेचं लोखंड चकचकीत आहे. म्हणजे पत्रा बोल्टसकट ताणून फाटलाय. हे वाऱ्याचं काम."

मग त्यांनी दुसरा पत्रा पाहिला. त्याच्या भोकाभोवती तांबेरा होता आणि कडा बिस्किटासारखी भुगा होत होती.

"आणि हा? हा आधीच गंजलेला होता, दादा."

झीज आणि गंज विम्यात बसत नाही, वाऱ्याने झालेलं नुकसान बसतं. सुदैवाने गंजलेले पत्रे दोनच होते आणि तेही वळचणीकडचे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की बोल्टच्या भोकांचे जवळून फोटो काढा. वाकलेल्या अँगलचे आणि तुटलेल्या वेल्डिंगचेही काढा. कौलांचं छप्पर असेल तर सरकलेल्या रिपा, मोडलेले वासे आणि खाली पडलेल्या कौलांचा ढीग. आणि पत्रे, गाद्या, टीव्ही यातलं काहीही भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हेअर बघून लेखी किंवा निदान व्हॉट्सॲपवर 'आता हलवा' म्हणेपर्यंत सगळं एका बाजूला रचून ठेवा.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो लहान होतो आणि फोटो कधी, कुठे काढला ही फाइलमधली नोंद निघून जाते. म्हणून ईमेलने पाठवा, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. मूळ फाइली पेनड्राइव्हवर ठेवा.

'आधी कसं होतं' हे दाखवणारे फोटो शोधा. हॉटेलवाल्यांचं एक बरं असतं, बुकिंगच्या संकेतस्थळावर टाकायला आपण प्रत्येक खोलीचे झकास फोटो काढलेले असतात. माझ्या सहा नंबरच्या खोलीत कपाट होतं, टीव्ही होता, जिप्समचं सीलिंग होतं, हे त्या जुन्या फोटोतूनच सिद्ध झालं, कारण कपाटाचं बिल मला कधीच सापडलं नाही.

क्रमांक देण्याची माझी पद्धत सोपी आहे. छपराचे फोटो छ/१, छ/२ असे. खोलीचे ५/१, ६/३ असे, म्हणजे सहा नंबर खोलीचा तिसरा फोटो. हाच क्रमांक पत्रात आणि वस्तूंच्या यादीत वापरायचा.

अंदाजपत्रक: एकरकमी आकडा म्हणजे कोरा कागद

'छप्पर दुरुस्ती – दोन लाख' असं लिहिलेल्या कागदाचा सर्व्हेअरला काही उपयोग नाही. त्याला माप आणि दर हवा असतो. तो ते माप स्वतः टेपने घेतो, दर आजूबाजूच्या बाजाराशी आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीशी ताडून बघतो. म्हणून कंत्राटदाराला लेटरहेडवर, तारखेसह आणि सहीसह, प्रत्येक काम वेगळ्या ओळीत लिहायला सांगा. आमचं असं होतं:

कलर कोटेड पत्रे, बोल्ट-वॉशर आणि मजुरीसह, ३८ फूट × ३० फूट = १,१४० चौरस फूट, दर ९५ रुपये: १,०८,३०० रुपये.
वाकलेले अँगल सरळ करणे, तुटलेले बदलणे, वेल्डिंग: २२,००० रुपये.
तीन खोल्यांचं जिप्सम सीलिंग, ५०४ चौरस फूट, दर ७५ रुपये: ३७,८०० रुपये.
तीन खोल्यांचं वायरिंग आणि रंग: २८,००० रुपये.
इमारतीची एकूण: १,९६,१०० रुपये.

यात एक चूक माझ्याकडून झाली. जुने पत्रे ०.४० मिलिमीटर जाडीचे होते. पुन्हा उडू नयेत म्हणून कंत्राटदाराने ०.५० मिलिमीटरचा दर लावला आणि मी तो तसाच पाठवला. विमा आधी होतं तेवढंच परत उभं करून देतो, त्याहून चांगलं नाही. सर्व्हेअरने चौरस फुटाला दहा रुपये कापले. जाड पत्रा घालायचा तर जरूर घाला, पण अंदाजपत्रकात 'पूर्वीच्याच प्रतीचा पत्रा' ही ओळ ठेवा आणि जादा प्रतीचा फरक 'मालकाच्या खर्चाने' म्हणून वेगळा दाखवा.

निसर्गनंतर पत्र्याचे आणि ताडपत्रीचे भाव आठवड्यात चढले होते. अशा वेळी दोन कंत्राटदारांची अंदाजपत्रकं घ्या आणि दोन्हींवर तारीख असू द्या, म्हणजे तो त्या दिवसांचा खरा बाजारभाव होता हे दिसतं. जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवा. ज्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळतं त्याची भरपाई विम्यातून मिळत नाही, आणि कर दरात मिसळलेला असेल तर उगाच सगळ्याच आकड्यावर प्रश्न उठतो.

फर्निचरसाठी वेगळी यादी लागते. प्रत्येक वस्तूपुढे खोली, संख्या, खरेदीचं वर्ष, आजची नवी किंमत आणि फोटो क्रमांक. वर्ष प्रामाणिकपणे लिहा. गादी तीन वर्षांची असेल तर तीनच लिहा, कारण सर्व्हेअर गादीच्या लेबलवरची तारीख बघतो. दुरुस्त होणारी वस्तू 'गेली' म्हणून लिहू नका. आमचा पाच नंबरमधला एसी भिजला होता, पण मेकॅनिकने वाळवून चालू करून दिला. तो यादीत घातला नाही आणि 'तपासला, चालू आहे' असं पत्रात लिहिलं. सर्व्हेअरने ती ओळ वाचली आणि यादीतल्या बाकीच्या वस्तूंवर फारसे प्रश्न विचारले नाहीत.

पत्र

आता हे सगळं एका पत्रात येतं. माझं पत्र दोन पानांचं होतं, त्याचा गाभा खाली देतो. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण सर्व्हेअर परप्रांतातला असू शकतो, म्हणून वस्तूंची यादी इंग्रजीतही जोडली होती.

> दिनांक: १६ जून २०२०
>
> प्रति,
> शाखा व्यवस्थापक,
> (कंपनीचे नाव व शाखा)
>
> विषय: पॉलिसी क्र. …, दावा क्र. … – दि. ३ जून २०२० च्या चक्रीवादळामुळे इमारतीचे छप्पर व खोल्यांतील सामान यांच्या नुकसानीचा तपशीलवार दावा.
>
> महोदय,
>
> वरील पॉलिसीखाली आमच्या लॉजिंगच्या इमारतीचा व फर्निचरचा विमा आहे. नुकसानीची खबर आम्ही ५ जून रोजी एसएमएसने व ७ जून रोजी ईमेलने दिली. ३ ते ५ जून या काळात गावात वीज व मोबाइल सेवा बंद होती.
>
> ३ जून रोजी दुपारी सुमारे १ वाजता वाऱ्याने वरच्या मजल्याच्या पश्चिमेकडील छपराचे पत्रे बोल्टसह उचकटून उडवले (फोटो छ/१ ते छ/९). उघड्या पडलेल्या भागातून पावसाचे पाणी खोली क्र. ५, ६ व ७ मध्ये थेट शिरले. जिप्सम सीलिंग कोसळले (फोटो ५/२, ६/२, ७/२) व खालील सामान भिजले. खोली क्र. ८ वरील छप्पर शाबूत असून तिथे नुकसान नाही. त्या खोलीसाठी आमचा दावा नाही.
>
> टाळेबंदीमुळे पाहुणे नव्हते, तथापि आमचे कुटुंब तळमजल्यावर सतत राहत होते. एप्रिल व मे महिन्यांची वीजबिले जोडली आहेत.
>
> नुकसान वाढू नये म्हणून ४ जून रोजी छपरावर ताडपत्री बांधली व कोरडे सामान खाली हलवले. ताडपत्री व मजुरीचे ९,४०० रुपयांचे बिल जोडले आहे. मोडलेले पत्रे, गाद्या, कपाटे व टीव्ही पाहणीसाठी जपून ठेवले आहेत. खोली क्र. ५ मधील एसी तपासला असून चालू आहे.
>
> दाव्याची रक्कम:
> (अ) इमारत, सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे: १,९६,१०० रुपये
> (ब) फर्निचर व सामान, सोबतच्या यादीप्रमाणे, आजच्या नव्या किमतीने: १,२०,००० रुपये
> एकूण: ३,१६,१०० रुपये. ताडपत्रीचा खर्च वेगळा.
>
> या मालमत्तेवर दुसरा कोणताही विमा नाही. पाहणीची तारीख आधी कळवल्यास कंत्राटदारास हजर ठेवू.
>
> सोबत: ४१ फोटो (क्रमांकांच्या यादीसह), दोन अंदाजपत्रके, वस्तूंची यादी, उपलब्ध बिले, तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत, वादळाच्या बातमीचे कात्रण, वीजबिले, पॉलिसीची प्रत.
>
> आपला,
> (सही व शिक्का)

या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं दुसऱ्या परिच्छेदात आहेत. आधी वाऱ्याने छप्पर उघडलं, मग त्या उघड्या जागेतून पाणी आलं, हा क्रम. जुन्या स्लॅबमधून झिरपलेलं पाणी किंवा भिंतीला आलेली ओल वादळाचं नुकसान धरली जात नाही. "छतातून गळती होऊन सामान भिजले" असं लिहिलंत तर स्वतःच्या हाताने दावा कमकुवत केलात. 'गळती' हा शब्दच नको. कुठला पत्रा गेला, त्याच्या बरोबर खाली कुठली खोली, हे लिहा. आमच्या सर्व्हेअरने हेच तपासलं. सहा नंबरमध्ये उभं राहून ते वर बघत होते, आणि गादीवरचा पिवळा डाग सीलिंगच्या भोकाच्या बरोबर खाली होता.

आठ नंबरबद्दलची ओळ मुद्दाम घातली होती. जिथे नुकसान नाही ते सांगितलं की जिथे आहे त्यावर विश्वास बसतो. आठ नंबरच्या भिंतीलाही थोडी ओल होती, पण ती दर पावसाळ्यात येते.

पंचनाम्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो सर्व्हेअरच्या पाहणीची जागा घेत नाही, पण त्या दिवशी त्या गावात वादळाने नुकसान झालं याचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून प्रत जरूर जोडा. नाव नसलेलं एखादं स्थानिक वादळ असेल, नुसती वळवाची वावटळ, तर हा पंचनामा, वर्तमानपत्राचं कात्रण आणि हवामान खात्याची त्या दिवसाची नोंद यांवरच भिस्त असते.

ताडपत्रीचा खर्च मिळेलच असं नाही. तरी बिल जोडायचं, कारण उरलेली मालमत्ता जपण्याची जबाबदारी तुमची असते आणि ती पाळल्याचा तो पुरावा आहे. राडारोडा उचलण्याचा खर्च मात्र मागता येतो. जुन्या पॉलिसीत दाव्याच्या एक टक्क्यापर्यंत, नव्या सूक्ष्म उद्यम पॉलिसीत दोन टक्क्यांपर्यंत. मी तो मागायचा राहिलो. तुम्ही (क) म्हणून तिसरी ओळ घाला.

रक्कम कशी ठरली

३,१६,१०० रुपये मागितले आणि २,२५,१५० मिळाले. फरक कुठे गेला, हे कळलं की पत्र लिहितानाच अंदाज येतो.

इमारतीच्या १,९६,१०० मधून जाड पत्र्याचे ११,४०० गेले. मोडलेल्या पत्र्यांची भंगार किंमत ६,२०० धरली आणि ते पत्रे माझ्याकडेच राहिले. उरले १,७८,५००. इमारतीला रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यूचं कलम होतं, म्हणजे दुरुस्ती प्रत्यक्ष करून बिलं दिल्यावर घसारा न कापता पैसे. काम होईपर्यंत घसारा वजा करून काही रक्कम आगाऊ मिळाली आणि बाकीची बिलं दिल्यावर. हे काम जुन्या पॉलिसीत साधारण बारा महिन्यांत पुरं करावं लागतं.

फर्निचरला ते कलम नव्हतं. १,२०,००० च्या यादीवर वस्तूंच्या वयानुसार घसारा गेला आणि ७८,००० उरले. त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. फर्निचरचा विमा सहा लाखांचा होता, पण आठही खोल्यांतल्या सगळ्या सामानाची त्या दिवसाची किंमत सर्व्हेअरने आठ लाख काढली. म्हणजे मी पाऊणच विमा काढला होता, तेव्हा नुकसानही पाऊणच मिळणार: ७८,००० चे ५८,५००. याला अंडर-इन्शुरन्स म्हणतात. नव्या सूक्ष्म उद्यम पॉलिसीत ही तूट पंधरा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ होते. माझी पंचवीस टक्के होती, तेव्हा तिथेही माफ झाली नसती. वादळाच्या तीन वर्षं आधी टीव्ही आणि कपाटं घेतली तेव्हा विमा रक्कम वाढवायची राहून गेली होती.

१,७८,५०० आणि ५८,५०० मिळून २,३७,०००. त्यावर माझ्या शेड्यूलप्रमाणे पाच टक्के एक्सेस, ११,८५०. हाती २,२५,१५०.

पत्र दिल्यावर

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा पोच शिक्का घ्या, किंवा ईमेल पाठवला असेल तर तो जपून ठेवा. सर्व्हेअर तोंडी काही कागद मागतील. ते देताना दर वेळी एक छोटा ईमेल करा: "आज आपण मागितल्याप्रमाणे अमुक कागद पाठवत आहे." महिन्याभराने 'कागद अपुरे' असं पत्र आलं तर हेच ईमेल उपयोगी पडतात.

रक्कम कमी वाटली तर आधी सर्व्हे अहवालाची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. अहवालात कापलेली प्रत्येक ओळ बघा आणि जिथे तुमच्याकडे पुरावा आहे तेवढ्यावरच लिहा. आमच्या ओळखीच्या एका हॉटेलात सर्व्हेअरने सीलिंगचं माप एका खोलीचं कमी धरलं होतं. मालकाने टेप धरलेला फोटो आणि खोलीचा आराखडा पाठवला आणि आकडा सुधारून आला. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर एकट्या मालकीच्या किंवा सूक्ष्म उद्योगात मोडणाऱ्या हॉटेलाला विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, वकील लागत नाही आणि शुल्क नाही. पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं.

पैसे देण्याआधी कंपनी एक पावती सहीसाठी पाठवते, त्यावर 'पूर्ण व अंतिम' असं छापलेलं असतं. रक्कम मान्य असेल तर सही करा. मान्य नसेल तर सहीआधीच लेखी कळवा की अमुक रकमेबद्दल आमची हरकत कायम आहे.

त्या वर्षीचं नूतनीकरण आलं तेव्हा मी आठही खोल्यांत वही घेऊन फिरलो, प्रत्येक वस्तूची किंमत लिहिली आणि फर्निचरची विमा रक्कम साडेआठ लाख केली. ती वही आणि प्रत्येक खोलीचे मे महिन्यातले फोटो आता दर वर्षी पावसाळ्याआधी नवे काढून पॉलिसीच्या फाइलीत लावतो.